डेबिट कार्ड हरवलं तर: ब्लॉक करण्यापासून पुढच्या साठ दिवसांपर्यंत

कार्ड सापडत नाही हे लक्षात आलं की आपण आधी पाकीट उलटं करतो, मग पिशवी, मग कालच्या कपड्यांचे खिसे. शोधायला हरकत नाही, पण शोधायच्या आधी कार्ड थांबवा. उलट क्रमाने वागणारी खूप माणसं मी पाहिली आहेत. बँकेत असताना कार्डाच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या आणि "सापडेल म्हणून रात्रभर थांबलो" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं. पैसे बहुतेक वेळा त्याच रात्रीत गेलेले असायचे.

क्रेडिट कार्डावर गैरवापर झाला तर वाद बँकेने दिलेल्या उधारीवर होतो. डेबिट कार्डावर तुमच्या खात्यातली शिल्लकच निघून जाते आणि वाद मिटेपर्यंत ती हाताशी नसते. म्हणून इथे मिनिटांचा हिशोब ठेवावा लागतो.

तो हिशोब ठेवायला दोन वेळा कागदावर लिहून घ्या. पहिली, कार्ड तुम्ही स्वतः शेवटचं केव्हा वापरलं ती. दुसरी, बँकेने कार्ड बंद केलं त्या मिनिटाची. पुढे खात्यातली प्रत्येक नोंद या दोन वेळांच्या आधीची, मधली की नंतरची, एवढंच बघायचं असतं. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांभोवती फिरतं.

पहिली दहा मिनिटं: कार्ड थांबवणं

बहुतेक बँकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये 'कार्ड' या भागात दोन वेगळ्या सोयी असतात आणि नवख्या माणसाची गल्लत इथेच होते. एक म्हणजे तात्पुरतं लॉक. ते एका बटणाने लागतं आणि एका बटणाने निघतं. दुसरं म्हणजे कायमचं ब्लॉक, ज्याला बँकेतली माणसं 'हॉटलिस्ट करणं' म्हणतात. हॉटलिस्ट झालेलं कार्ड नंतर सापडलं तरी पुन्हा चालू होत नाही.

कार्ड घरातच कुठेतरी असेल असं वाटत असेल तर आधी तात्पुरतं लॉक लावा आणि मग निवांत शोधा. बाहेर पडलं, चोरीला गेलं किंवा काही तास कुठे होतं हेच सांगता येत नसेल, तर थेट कायमचं ब्लॉक करा. अ‍ॅप चालत नसेल तर नेटबँकिंग, तेही नसेल तर बँकेचा फोन. काही बँका ठरावीक मजकुराचा एसएमएस पाठवूनही कार्ड बंद करतात.

फोन नंबर मात्र इंटरनेटवर शोधून लावू नका. घाबरलेला माणूस शोधपट्टीत बँकेचं नाव आणि 'कस्टमर केअर' टाइप करतो, आणि समोर येणाऱ्या नंबरांत भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात. नंबर घ्यायचा तो बँकेच्या अ‍ॅपमधून, पासबुकावरून किंवा खात्याच्या स्टेटमेंटवरून. कार्डाच्या मागेही तो छापलेला असतो, पण कार्डच गेलेलं असताना त्याचा उपयोग नाही. म्हणून हे वाचून झालं की तो नंबर फोनमध्ये जतन करून ठेवा, आणि घरातल्या आणखी कुणाच्या तरी फोनमध्येही.

खरा बँक कर्मचारी तुमचं नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक किंवा कार्डाचे शेवटचे चार अंक विचारेल. पिन, कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही किंवा ओटीपी तो मागणार नाही, आणि फोनवर स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवायलाही सांगणार नाही. यातलं काहीही मागितलं की फोन ठेवा.

बोलणं संपवण्याआधी तीन गोष्टी मिळवा: कार्ड कायमचं बंद झाल्याचं स्पष्ट शब्दांत उत्तर, तक्रारीचा किंवा विनंतीचा क्रमांक, आणि ब्लॉक झाल्याची नेमकी वेळ. मग ब्लॉक झाल्याचा एसएमएस किंवा ईमेल येतो का ते पाहा. आला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आला नाही तर पंधरा मिनिटांनी परत फोन करा.

कार्डाबरोबर फोनही गेला असेल तर काम दुप्पट होतं, कारण ओटीपी त्याच सिमवर येतात. अशा वेळी दुसऱ्याच्या फोनवरून आधी कार्ड, लगेच सिम आणि मग त्या फोनमधली पैसे पाठवणारी अ‍ॅप बंद करून घ्या. आणि कार्ड एटीएममध्ये अडकलं असेल तर यंत्रासमोर उभं राहूनच बँकेला फोन लावा. "पिन परत टाकून बघा, कार्ड बाहेर येईल" असं सांगायला कुणी अनोळखी पुढे आला तर त्याच्यासमोर पिन टाकू नका. कार्ड अडकवून पिन बघून घेणं ही चोरीची जुनी पद्धत आहे.

ब्लॉक नेमकं काय थांबवतं, काय थांबवत नाही

हा भाग समजला नाही तर पुढच्या आठवड्यात खातं बघून तुम्ही विनाकारण घाबराल, किंवा खरी चोरी असूनही गप्प बसाल.

दुकानात कार्ड लावलं की दुकानदाराचं यंत्र कार्डाच्या नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेला विचारतं: हे कार्ड चालू आहे का, खात्यात एवढी रक्कम आहे का? बँक हो म्हणाली की त्याला मंजुरी म्हणतात. त्या क्षणी रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते. पैसे प्रत्यक्ष दुकानदाराकडे जातात ते नंतर, बहुतेकदा एक ते तीन दिवसांत, सुट्ट्या आल्या तर त्याहून उशिरा. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये अशी अडवलेली रक्कम 'प्रलंबित' म्हणून दिसते.

ब्लॉक फक्त नव्या मंजुऱ्या थांबवतं. ब्लॉकच्या आधी जी मंजुरी गेली, ती रक्कम ब्लॉकनंतर दोन दिवसांनीही खात्यातून वजा होऊ शकते. ही ब्लॉक फसल्याची खूण नाही. ती नोंद तुमची असेल तर ठीक, नसेल तर तक्रार करायची.

दुसरा अपवाद ऑफलाइन व्यवहारांचा. विमानात किंवा काही वाहतूक सेवांच्या फाटकांवर यंत्र त्या क्षणी बँकेला विचारत नाही, व्यवहार साठवून ठेवतं आणि नंतर पाठवतं. त्यामुळे शनिवारी केलेला छोटा खर्च मंगळवारच्या तारखेने दिसू शकतो.

तिसरी गोष्ट फोनमधल्या वॉलेटची आणि दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची. वॉलेटमध्ये तुमचा कार्ड क्रमांक जसाच्या तसा नसतो, त्याऐवजी एक वेगळा पर्यायी क्रमांक असतो, त्याला टोकन म्हणतात. कार्ड हॉटलिस्ट झालं की टोकनही साधारणपणे बंद होतं, पण तात्पुरत्या लॉकमध्ये काय होतं हे बँकेगणिक बदलतं. वर्गण्यांच्या बाबतीत व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही नेटवर्कांकडे अशी सेवा आहे की नव्या कार्डाचा तपशील जुन्या कार्डाची नोंद असलेल्या व्यापाऱ्याला आपोआप कळतो. तुमची बँक त्यात सामील असेल तर वर्गणी न तुटता चालू राहते. ही सोयच आहे, पण कुणी तुमच्या कार्डावर परस्पर वर्गणी सुरू केली असेल तर नवं कार्ड आल्यावर तीही चालू राहू शकते. "नंबर बदलला, आता काळजी मिटली" असं म्हणता येत नाही ते यामुळे.

एक उदाहरण, वेळांसकट

माझ्या पुतणीचं हे पहिलंच खातं आणि पहिलंच कार्ड. रविवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की कार्ड पाकिटात नाही. तिने मला फोन केला. मी तिला म्हटलं, "आधी अ‍ॅप उघड आणि ब्लॉक कर, मग मला सांग." ११:५२ला ब्लॉक झाल्याचा एसएमएस आला. मग आम्ही आठवत बसलो. कार्ड शेवटचं तिने शनिवारी संध्याकाळी ७:१०ला औषधाच्या दुकानात वापरलं होतं. पावती पिशवीत सापडली, त्यामुळे वेळ नक्की झाली. म्हणजे संशयाची खिडकी शनिवार ७:१० ते रविवार ११:५२.

संध्याकाळी तिने खात्याच्या नोंदी काढल्या. खिडकीच्या आत तीन नोंदी होत्या. सकाळी ९:२६ला ४८० रुपये, ९:४१ला १,१५० रुपये आणि १०:०३ला १ रुपया. पहिल्या दोन्ही पिन न टाकता, नुसतं कार्ड टेकवून झालेल्या होत्या. दोन्ही तिच्या नव्हत्या. तिसरी एका वेबसाइटची होती आणि 'प्रलंबित' दिसत होती.

ती म्हणाली, "काका, एकच रुपया तर आहे, तो सोडून देऊ."

मला त्या एकाचीच जास्त काळजी वाटली. १ किंवा शून्याची नोंद पुष्कळदा कार्ड चालू आहे का हे तपासण्यासाठी असते. म्हणजे ज्याच्या हाती कार्ड लागलं त्याने क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे कुठेतरी भरले होते. अशी रक्कम दोन-तीन दिवसांत आपोआप नाहीशीही होते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा लागतो. तिने तो काढला.

दुपारी १२:२०ला आणखी एक एसएमएस आला होता: व्यवहार नाकारला. ते पाहून ती हादरली, पण तो एसएमएस चांगली बातमी होती. ब्लॉक काम करत होतं, आणि कार्ड अजून कुणी चालवू पाहत होतं हेही कळलं. तोही तक्रारीला जोडला.

खिडकीच्या बाहेरच्या दोन नोंदींनी मात्र आम्हाला फसवलं असतं. शनिवारी दुपारी ४ वाजताची एक नोंद एका अनोळखी कंपनीच्या नावावर होती. पुतणी ती चोरीच्या यादीत टाकायला निघाली होती. रक्कम आणि वेळ जुळवून पाहिली तेव्हा कळलं की ती स्टेशनरीच्या दुकानातली खरेदी होती. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि बँकेच्या नोंदीत मालक कंपनीचं किंवा पैसे गोळा करून देणाऱ्या मध्यस्थाचं दुसरंच नाव येतं, हे फार वेळा होतं. दुसरी नोंद मंगळवारच्या तारखेची, ९०ची. ब्लॉक रविवारी झालं आणि पैसे मंगळवारी गेले, म्हणून तिला वाटलं की ब्लॉक उपयोगाचंच नाही. ती नोंद उघडल्यावर आत व्यवहाराची तारीख शनिवारची निघाली. तिचाच प्रवासखर्च, उशिरा पोचलेला.

सोमवारी कार्ड सापडलं. कुणीतरी तिच्या वसतिगृहाच्या फाटकावर आणून दिलं होतं. हॉटलिस्ट केल्याचं तिला वाईट वाटलं, नवीन कार्डासाठी आता थांबावं लागणार म्हणून. पण १०:०३ची नोंद सांगत होती की कार्ड हातात परत आलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याकडे राहिला आहे. नुसतं लॉक लावून सोमवारी ते काढलं असतं तर दार परत उघडं झालं असतं. तिने जुनं कार्ड चिपमधून आडवं कापून टाकलं.

तक्रार आणि मुदत

कार्ड ब्लॉक करणं आणि अनधिकृत व्यवहाराची तक्रार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ब्लॉक केलं म्हणजे बँकेला चोरीचं कळवलं असा समज करून घेऊन माणसं महिनाभर थांबतात. प्रत्येक व्यवहारासाठी तारीख, वेळ, रक्कम, नोंदीत दिसणारं नाव आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून बँकेच्या ठरलेल्या फॉर्मवर किंवा अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवावी लागते. त्यात वरच्या दोन वेळा आणि ब्लॉकचा विनंती क्रमांक द्या. चोरी असेल किंवा पैसे गेले असतील तर पोलिसांतही नोंद करा, कारण पुष्कळ बँका तिची प्रत मागतात.

नुकसान कोणी सोसायचं हे त्या त्या देशाच्या नियमावर ठरतं, पण तुम्ही बँकेला केव्हा कळवलंत याला सगळीकडे वजन आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ती ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. अमेरिकेत कार्ड हरवल्याचं कळल्यापासून २ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जास्तीत जास्त ५० डॉलर, उशीर केला तर ही मर्यादा ५०० डॉलरपर्यंत जाते, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत त्यातली चूक कळवली नाही तर नंतरचं नुकसान तुमच्यावर येऊ शकतं. युरोपीय संघात कळवण्याआधीच्या नुकसानीत ग्राहकाचा वाटा सहसा ५० युरोपर्यंत असतो.

तिन्हीकडे एक गोष्ट समान आहे: तुम्ही स्वतः फसवणूक केलेली नसेल तर कळवल्यानंतर झालेला गैरवापर तुमच्या माथी येत नाही. म्हणूनच ब्लॉकच्या त्या मिनिटाचा पुरावा जपायचा. आणि पिन कार्डावर किंवा पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेला असेल, किंवा कुणाला सांगितला असेल, तर भारतात आणि युरोपीय संघात बँक तो निष्काळजीपणा धरू शकते आणि कळवण्याआधीचं नुकसान तुमच्याकडे येऊ शकतं. तक्रारीत हे लपवू नका. एटीएममध्ये पहिल्याच प्रयत्नात बरोबर पिन पडला हे बँकेला तिच्या नोंदीत दिसतंच.

ओळख पटत नाही आणि माझा नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत आधी बँकेकडे त्या व्यवहाराचा तपशील मागा, घरातल्यांनाही विचारा. स्वतःचाच व्यवहार नाकारला आणि नंतर तो खरा निघाला, तर बाकीच्या खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही उडतो.

नवं कार्ड

विनंती करताना 'हरवलं' किंवा 'चोरीला गेलं' हेच कारण निवडा. 'खराब झालं' निवडलं तर काही बँका जुन्याच क्रमांकाचं कार्ड पाठवतात, आणि तेच आपल्याला नको असतं. बँकेकडे नोंदवलेला पत्ता आधी तपासा. विशेषतः शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव बदललेल्यांची कार्डं जुन्या पत्त्यावर जाऊन पडतात. काही बँका प्लास्टिक येईपर्यंत अ‍ॅपमध्ये डिजिटल कार्ड देतात. रोख हवी असेल तर ओळखपत्र दाखवून शाखेतून काढता येते, आणि पुष्कळ बँकांच्या एटीएममधून अ‍ॅपच्या मदतीने कार्डाशिवायही.

नव्या कार्डाचं पाकीट हातात आलं की ते आधी उघडलेलं नाही ना ते पाहा. उघडलेलं वाटलं तर कार्ड चालू न करता बँकेला कळवा. क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही नवीन असतील. खाते क्रमांक तोच राहतो, त्यामुळे पगार किंवा थेट खात्यात येणारे पैसे अडत नाहीत. पिन नवा ठेवा, जुनाच पुन्हा नको. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देण्याची सोय काही ठिकाणी सुरुवातीला बंद असते. सगळं एकदम चालू करू नका. जे लागेल तेवढंच चालू करा आणि दिवसाची मर्यादा आपल्या गरजेएवढी ठेवा. टेकवून पैसे देण्याची सोय मी स्वतः छोट्या मर्यादेवर ठेवतो, कारण हरवलेल्या कार्डावर पिनशिवाय चालणारी हीच पहिली गोष्ट असते.

कार्ड हरवल्यावर काही दिवसांत "तुमचं नवीन कार्ड चालू करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन येऊ शकतो. कार्ड ज्याच्या हाती पडलं त्याला तुमचं नाव त्यावर वाचता येतं, आणि बँकेचंही.

साठ दिवसांची नजर

दर महिन्याच्या वर्गण्या दोन फेऱ्यांत दिसल्या म्हणजे काही लपलेलं उरत नाही, म्हणून मी साठ दिवस धरतो. पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून एकदा, खातं उघडायचं आणि प्रत्येक ओळीतली व्यवहाराची तारीख वाचायची, वजा झाल्याची नव्हे. काही नोंदींत वेळ दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते, म्हणून खिडकीच्या कडेला पडलेल्या नोंदीकडे दोनदा बघा. रक्कम कितीही छोटी असो, ती ओळखता आली पाहिजे.

आपल्या स्वतःच्या वर्गण्यांची यादीही याच वेळी करा. ज्या जुन्या कार्डावर अडल्या असतील त्यांना नवा क्रमांक द्या, ज्या आपण कधी सुरूच केल्या नव्हत्या त्या बँकेला कळवा आणि त्या व्यापाऱ्याकडेही रद्द करायला सांगा. बँकेने तक्रार चालू असताना रक्कम तात्पुरती परत जमा केली असेल तर ती लगेच खर्च करू नका. निकाल विरुद्ध गेला तर ती पुन्हा वजा होते.

पुतणीच्या खात्यात ४८० आणि १,१५० दहाव्या दिवशी तात्पुरते जमा झाले आणि पुढच्या महिन्यात कायम झाले. १ची नोंद तिसऱ्या दिवशी यादीतून गेली होती. पण स्क्रीनशॉट असल्यामुळे बँकेने त्या वेबसाइटची नोंद घेतली आणि नव्या कार्डावर त्या नावाने काही येऊ नये अशी सूचना लावली. चाळिसाव्या दिवशी त्याच नावाने २९९ची मागणी आली आणि नाकारली गेली.